गच्चीवरचा बारा मीटर पाइप आणि चार सेंटिमीटरचा प्रश्न

नागपुरात 23 मे 2013 रोजी 47.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच शहरात 29 डिसेंबर 2018 रोजी पारा 3.5 अंशांवर उतरला होता. साडेपाच वर्षांत 44 अंशांचा फरक, आणि तोही सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा. गच्चीवर उघड्यावर टाकलेल्या प्लास्टिकच्या पाइपाला सावली नसते. खाली तापलेला स्लॅब आणि वर ऊन यांच्यामध्ये तो दुपारभर पडून असतो. आत पाणी वाहत नसेल तर क्रीम रंगाचा पाइपही हवेपेक्षा 15 अंशांनी सहज जास्त तापतो. विक्रमी दिवस बाजूला ठेवू. विदर्भातल्या नेहमीच्या वर्षात डिसेंबरच्या पहाटे पाइप 8 अंशांवर असतो आणि मेच्या दुपारी 60 अंशांवर. पुढचा सगळा हिशेब या 52 अंशांच्या फरकाचा आहे.

गच्चीवरचा पाइप फुटला की घरमालक म्हणतो, माल हलका होता. प्लंबर म्हणतो, ऊन फार आहे. दोघांच्याही म्हणण्यात थोडे तथ्य असते. पण बहुतेक वेळा खरे कारण पाइप कसा बसवला यात असते, आणि ते मोजून दाखवता येते.

एक साधे घर घेऊ. गच्चीच्या एका टोकाला दोन मीटर उंचीच्या स्टँडवर टाकी आहे आणि दुसऱ्या टोकाला पाइप खाली उतरण्याचा शाफ्ट. मध्ये 12 मीटर सरळ अंतर. त्यावर एक इंची सीपीव्हीसी पाइप टाकला आहे, म्हणजे बाहेरचा व्यास 28.6 मिलिमीटर आणि भिंतीची जाडी 2.6 मिलिमीटर. सीपीव्हीसी एका मीटरला, एका अंशाला, सुमारे 0.065 मिलिमीटर वाढतो. आकडा ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण 12 मीटर गुणिले 52 अंश गुणिले 0.065 केले की उत्तर येते 40 मिलिमीटर. डिसेंबरच्या पहाटेपेक्षा मेच्या दुपारी हा पाइप चार सेंटिमीटर लांब असतो.

हे वर्षाचे झाले. एकट्या मे महिन्यातल्या एका दिवसाचे पाहिले तरी पहाटे 28 आणि दुपारी 60, म्हणजे 32 अंशांचा फरक पडतो. तेवढ्यात पाइप 25 मिलिमीटर वाढतो आणि रात्री परत आखडतो. भर दुपारी कोणी नळ उघडला की टाकीतले त्यामानाने थंड पाणी आत येते आणि तो काही मिनिटांतच बराचसा आखडतो. असे दिवसातून अनेकदा होते.

आता त्याच जागी पूर्वी असायचा तो जीआयचा पाइप आठवा. लोखंडाचा प्रसरणांक मीटरला, अंशाला 0.012 मिलिमीटर आहे. त्याच 52 अंशांत 12 मीटरचा जीआय पाइप फक्त साडेसात मिलिमीटर वाढतो. ताकदही इतकी, की तेवढी वाढ आट्यांच्या जोडांत आणि वळणांवर कुठेतरी जिरून जाते. जीआय भिंतीला घट्ट ठोकला, सिमेंटच्या गोळ्यात पुरला, दोन्ही टोकांना आवळला तरी वर्षानुवर्षे काही बिघडत नसे. आपल्याकडे नळजोडणीचे हात त्या कामावर तयार झाले. पाइप बदलला, बसवण्याची पद्धत मात्र तीच राहिली. जीआयपेक्षा पाचपट हलणारी वस्तू आज न हलणारी समजून बसवली जाते, आणि बिघाडाची सुरुवात इथूनच होते. पीपीआर वापरणाऱ्यांनी तर अधिकच सावध राहावे. साध्या पीपीआरचा आकडा 0.15 आहे, म्हणजे याच गच्चीवर तो 94 मिलिमीटर हलेल. आतून काचतंतूंचा थर दिलेला पीपीआर यापेक्षा बराच कमी हलतो, म्हणून उघड्यावर तोच घ्यावा.

पाइपाला हलूच दिले नाही तर काय होते, तेही मोजू. समजा 25 अंशांवर असताना पाइप दोन्ही टोकांना पक्का केला आणि वाकायलाही जागा ठेवली नाही. दुपारी तो 60 अंशांवर गेला. तापल्यावर सीपीव्हीसी थोडा मऊ होतो, तो कमीपणा धरूनही भिंतीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 50 किलोचा दाब तयार होतो. पाइपाच्या कापावरच्या प्लास्टिकचे क्षेत्रफळ 2.12 चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे पाइप दोन्ही टोकांना 100 किलोहून जास्त जोराने ढकलत असतो. याच्याशेजारी पाण्याचा दाब ठेवून पाहा. दोन मीटर उंच टाकीमुळे येणारा दाब 0.2 किलो, आणि त्याने या पाइपाच्या भिंतीत येणारा ताण चौरस सेंटिमीटरला फक्त 1 किलो. गच्चीवरच्या पाइपावर उन्हाने येणारा ताण पाण्याने येणाऱ्या ताणाच्या पन्नासपट आहे. जास्त दाबाचा, जाड भिंतीचा पाइप घेतला की प्रश्न सुटेल असे समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. भिंत जाड केली की तापमानाचा ताण तेवढाच राहतो आणि टोकांवर येणारा जोर उलट वाढतो.

वाकायला जागा असेल तर पाइप ढकलण्याऐवजी बाजूला फुगतो. दोन घट्ट क्लॅम्पमध्ये तीन मीटर अंतर असेल, तर त्या तुकड्याची 35 अंशांतली वाढ सातच मिलिमीटर असते. पण ती सामावून घेताना पाइप मधोमध जवळजवळ 9 सेंटिमीटर बाजूला सरकतो. गच्च्यांवर दिसणारे नागमोडी पाइप असे तयार होतात. वाकल्याने पाइप लगेच फुटत नाही. मात्र क्लॅम्पच्या कडेशी आणि एल्बोच्या तोंडाशी तो दररोज मुडपला जातो.

आखडण्याची बाजू याहून वाईट, आणि तिच्याकडे लक्ष जात नाही. उन्हाळ्यात गच्चीचे काम काढले, मेच्या दुपारी 50 अंशांवर तापलेला पाइप जोडून दोन्ही टोकांना पक्का केला, तर डिसेंबरच्या पहाटे तो 42 अंश उतरलेला असतो. त्याला 33 मिलिमीटर आखूड व्हायचे असते आणि टोके सोडत नाहीत. हिशेबाने ताण चौरस सेंटिमीटरला 80 किलोपर्यंत जातो आणि जोडांवर 170 किलोची ओढ येते. प्लास्टिक ताणाखाली हळूहळू सैलावते, त्यामुळे प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा कमी भरतो. पण त्या सैलावण्यातही एक धोका आहे. भर उन्हात दाबलेला पाइप आठवडेभर तसाच राहिला तर त्या दाबाशी जुळवून घेतो, आणि मग थंड झाल्यावर ओढ नव्याने सुरू होते. थंडीतल्या सकाळी एल्बोच्या तोंडाशी पाणी ठिबकू लागते त्याचे कारण हे असते. उन्हाळ्यात केलेली चूक हिवाळ्यात बाहेर पडते आणि दोष थंडीला दिला जातो.

80 किलो हा आकडा तरीही मोडण्याचा नाही. 23 अंशांवर सीपीव्हीसीचा दीर्घकाळासाठी धरलेला सुरक्षित ताण 140 किलोच्या आसपास आहे. मग पाइप का फुटतो? कारण ताण सगळीकडे सारखा पसरत नाही. जिथे खाच असते तिथे तो गोळा होतो, आणि खाच पाडण्याचे काम ऊन करते.

उन्हातले अतिनील किरण पीव्हीसी आणि सीपीव्हीसीच्या साखळीतले क्लोरिन आणि हायड्रोजन सोडवतात. उरलेली साखळी आधी पिवळी, मग तपकिरी दिसू लागते आणि कडक, ठिसूळ होते. हा बदल अगदी वरच्या थरात, एक दशांश मिलिमीटरपेक्षाही कमी खोलीपर्यंत होतो. म्हणून उन्हात पडलेला यूपीव्हीसी पाइप तपासला तर पाण्याचा दाब सोसण्याची ताकद फारशी उतरलेली नसते, पण ठोका सोसण्याची ताकद नक्की उतरलेली असते. खालचा अडीच मिलिमीटरचा चांगला पाइप लवचिक आहे आणि वरची कातडी ठिसूळ. पाइप मुडपला की कातडीला केसाएवढ्या चिरा पडतात, आणि त्यातली प्रत्येक चीर खालच्या चांगल्या भागासाठी खाच ठरते. पुढच्या वाकण्यात ती थोडी खोल जाते. निव्वळ ऊन किंवा निव्वळ अडकवलेला पाइप, दोन्ही बरीच वर्षे चालू शकतात. दोन्ही एकत्र आले की फुटतो.

फुटलेला पाइप पाहून कारण ओळखता येते. एल्बो किंवा कपलरच्या तोंडाशी पाइपाभोवती गोल चीर असेल, तर पाइप लांबीत अडकवलेला आहे. क्लॅम्पच्या कडेखाली चीर असेल, तर क्लॅम्प जास्त आवळला आहे किंवा त्याची पत्र्याची धार रुतली आहे. वरच्या बाजूला लांबीच्या दिशेने चीर असेल आणि तिथला रंग खालच्या बाजूपेक्षा स्पष्ट गडद असेल, तर ठिसूळ झालेल्या पाइपावर पाय पडला आहे किंवा काही आदळले आहे. पितळी आट्यांच्या जोडावरची चीर बहुधा पान्याने जास्त आवळल्याची असते, तिचा उन्हाशी संबंध कमी. कारण न पाहता नुसता कपलर घालून दुरुस्ती केली तर पाइप त्याच कारणाने शेजारी फुटतो.

आता आपल्या 12 मीटरला 40 मिलिमीटर कुठे द्यायचे ते ठरवू. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाइपाच्या मध्यावर चौकोनी वळसा, ज्याला प्लंबर लूप म्हणतात. चार एल्बो, दोन बाहू, मध्ये एक आडवा तुकडा. पाइप वाढला की बाहू आत झुकतात, आखडला की बाहेर. बाहू किती लांब हवेत याला सूत्र आहे:

L = √(3·E·D·ΔL / (2·S))

यात D हा बाहेरचा व्यास, ΔL म्हणजे सामावून घ्यायची वाढ, E म्हणजे पदार्थाचा ताठपणा आणि S म्हणजे त्या तापमानाला चालणारा ताण. 60 अंशांवर सीपीव्हीसीसाठी E सुमारे 2,227 आणि S सुमारे 6.9 धरतात, दोन्ही मेगापास्कलमध्ये. आपल्या पाइपासाठी 40 मिलिमीटरला उत्तर येते 744, म्हणजे सोयीने 75 सेंटिमीटर. ही लूपची एकूण लांबी झाली. तिचे दोन बाहू प्रत्येकी 30 सेंटिमीटर आणि आडवा तुकडा 15 सेंटिमीटर. पाऊण मीटर पाइपात आणि चार एल्बोंत काम होते. वाढ चौपट झाली तरी लूप दुप्पटच लागतो, हेही या सूत्रातून दिसते. मात्र जाड पाइपाला लांब लूप लागतो.

लूप गच्चीला समांतर आडवा ठेवावा. उभा ठेवला तर वरच्या भागात हवा अडकते, आणि टाकीच्या कमी दाबावर तेवढ्या हवेनेही नळाची धार बारीक होते.

पाइप शाफ्टपाशी आपोआप काटकोनात वळत असेल तर वेगळा लूप लागत नाही. वळणानंतरचा 75 सेंटिमीटर तुकडा मोकळा सोडला की तोच लूपचे काम करतो. आपल्या गच्च्यांवर असे वळण बहुतेक वेळा असतेच. दुर्दैवाने एल्बोला अगदी खेटून क्लॅम्प मारायची पद्धत आहे, एल्बो हलू नये म्हणून. एल्बो हलायलाच हवा. त्या एका क्लॅम्पने फुकटात मिळालेली सोय बंद होते.

क्लॅम्पचे काम दोन प्रकारचे आहे आणि ते वेगळे ठेवले पाहिजे. काही क्लॅम्प पाइप जागेवर धरतात. आपल्या उदाहरणात असे दोनच हवेत, एक टाकीकडे आणि एक शाफ्टकडे, म्हणजे दोन्ही टोकांकडून वाढ मधल्या लूपकडे येते. बाकीच्या क्लॅम्पनी पाइपाला आधार द्यायचा, दिशा द्यायची, पण अडवायचे नाही. त्यांच्यात दीड-दोन मिलिमीटर सैल जागा हवी. बसवल्यावर पाइप हाताने पुढेमागे सरकवून पाहावा, सरकला नाही तर क्लॅम्प सैल करावा. लोखंडी पट्टी असेल तर रबर किंवा प्लास्टिकची पट्टी आत द्यावी, फक्त त्याआधी ती पट्टी सीपीव्हीसीला चालते का हे विचारून घ्यावे, कारण मऊ प्लास्टिकमधली काही तेले सीपीव्हीसीला चिरा पाडतात. बांधकामाच्या तारेने पाइप विटेला आवळणे आणि सिमेंटचे गोळे मारणे हे दोन्ही प्रकार बंद व्हायला हवेत.

क्लॅम्पमधले अंतर एक इंचापर्यंतच्या सीपीव्हीसीला तीन फूट, त्याहून मोठ्याला चार फूट. आपल्या 12 मीटरला 14-15 क्लॅम्प लागतील. त्यांतले निम्मे वाचवण्याचा मोह होतो, पण पाइपाचा झोळ अंतराच्या चौथ्या घाताने वाढतो. पाण्याने भरलेला हा पाइप 60 अंशांवर 90 सेंटिमीटरच्या अंतरात जास्तीत जास्त दीड मिलिमीटर झुकेल. अंतर दुप्पट केले की झोळ सोळापट, म्हणजे 25 मिलिमीटर. तापलेले प्लास्टिक तो झोळ कायमचा धरून ठेवते आणि महिन्यामहिन्याने वाढवते. मग सैल क्लॅम्पमधून पाइप सरकेनासा होतो आणि लूप असूनही उपयोग राहत नाही.

रंगाबद्दल बाजारात दोन टोकाच्या समजुती आहेत. एक म्हणजे रंग फक्त शोभेचा, दुसरी म्हणजे रंग दिला की सगळे झाले. रंगाचे मुख्य काम अतिनील किरण अडवणे आहे आणि ते तो चोख करतो. तापमानावरचा परिणाम रंगाच्या छटेवर ठरतो. क्रीम पाइप 60 अंशांवर जात असेल तर स्वच्छ पांढरा दिलेला साधारण 53 च्या आसपास राहील आणि गडद दिलेला 70 च्या वर जाईल. पांढऱ्याने 12 मीटरमधली वाढ पाच-सहा मिलिमीटरने कमी होते, बाकीच्या 34-35 मिलिमीटरला लूप लागतोच. गडद रंग दिला तर लूपचा सगळा हिशेब नव्याने करावा लागतो. दर्शनी भिंतीला शोभेल म्हणून पाइपाला चॉकलेटी रंग देणाऱ्यांना हे आधी सांगायला हवे. यूपीव्हीसीच्या बाबतीत तर हा प्रश्न रंगापलीकडे जातो: 60 अंशांवर यूपीव्हीसीची दाब सोसण्याची क्षमता 23 अंशांच्या तुलनेत 22 टक्के उरते, सीपीव्हीसीची 50 टक्के.

रंग पाण्यात मिसळणारा, बाहेरच्या भिंतींसाठीचा ॲक्रिलिक इमल्शन असावा. ऑइल पेंट नको, कारण त्यातले थिनर आणि टर्पेंटाइन प्लास्टिकच्या ताणलेल्या भागात शिरतात आणि चिरांना वाट करून देतात. शिवाय ऑइल पेंटचा थर कडक होतो आणि हलणाऱ्या पाइपावर टिकत नाही. आपल्या पाइपाचे बाहेरचे क्षेत्रफळ जेमतेम 1.1 चौरस मीटर भरते. दोन हातांना पाव लिटर रंग पुरतो. इतक्या कमी खर्चाचे काम टाळले जाते याचे वाईट वाटते.

रंगवण्याआधी पाइप ओल्या फडक्याने पुसून वाळवावा. बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी येत असेल तर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून ती काढावी. खोल ओरखडे पडता कामा नयेत, कारण त्याही खाचाच. क्लॅम्पखालचा आणि स्लॅबकडचा भाग आधी रंगवून मग पाइप बसवावा. स्लॅबवरून परावर्तित होणारे ऊन खालूनही लागते. सोल्युशनचे जोड मात्र रंगाआधी करायचे, रंगलेल्या टोकावर सोल्युशन धरत नाही. जोडणी सकाळी, पाइप 25 ते 35 अंशांवर असताना करावी. 34 अंश हा आपल्या 8 ते 60 च्या बरोबर मध्यावर येतो, म्हणजे लूपला उन्हाळ्यात 20 मिलिमीटर आत आणि हिवाळ्यात 20 बाहेर जावे लागते. दुपारी जोडल्यास सोल्युशनही एल्बोत पाइप ढकलण्याआधीच सुकते.

आधीच उन्हात पडलेल्या जुन्या पाइपाचे काय, हा प्रश्न उरतो. पिवळसर झालेला पण चिरा नसलेला पाइप स्वच्छ करून रंगवला, क्लॅम्प सैल केले, वळणापाशी मोकळी जागा दिली तर तो अजून चालतो. तपकिरी झालेला, वाकवल्यावर कातडीवर बारीक रेषा दिसणारा पाइप रंगाने सुधारत नाही. त्यात नवा जोड घालायचा असेल तर कात्रीसारख्या कटरने कापू नये, दाबाने टोक तडकते आणि ती तड एल्बोत लपून राहते. बारीक दात्यांच्या करवतीने कापावे, टोक उजेडात धरून पाहावे, आणि चीर दिसली तर तिच्यापुढे किमान पाच सेंटिमीटर कापून पुन्हा पाहावे. दोन-तीन वेळा कापूनही चीर संपत नसेल तर तो संपूर्ण तुकडा काढून नवा घालावा.